चौदा पानी उत्तरं घरी ठेवा, तीन मुद्दे सोबत न्या

नमस्कार सर,
रापणीवरचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीवरचं, माझं पहिलं पुस्तक गेल्या महिन्यात आलं. आता रत्नागिरी आकाशवाणीवर दहा मिनिटांची मुलाखत ठरली आहे आणि पुढच्या आठवड्यात मालवणातल्या दोन तरुण मुलांच्या पॉडकास्टवर तासभर गप्पा आहेत. विचारतील असे सगळे प्रश्न काढून मी उत्तरं लिहिली, ती चौदा पानं झाली. लेक म्हणते, ‘आई, तू निबंध वाचतेस.’ त्यात पर्ससीनचा, म्हणजे मोठ्या घेराची जाळी टाकणाऱ्या यांत्रिक बोटींचा, प्रश्न येणारच आणि माझा पुतण्याच अशा बोटीवर खलाशी आहे. काय बोलू, किती बोलू? पुस्तकातलं एक प्रकरण सोबत पाठवते आहे. नाव छापू नका.
– देवगड तालुक्यातील एक वाचक

ताई,

प्रकरण दोनदा वाचलं. सासऱ्यांच्या चोपडीचं पान तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. तुमच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे आणि रेडिओवर जाणाऱ्या लेखकाची अडचण बहुतेक वेळा तीच असते.

आधी वेळेचा हिशेब करू. ऐकणाऱ्याला नीट पोचेल अशा गतीने मराठी बोललं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. दहा मिनिटांच्या कार्यक्रमात निवेदकाची सुरुवात, तुमचा परिचय, त्यांचे प्रश्न आणि शेवटचे आभार धरले, तर तुमच्या वाट्याला सात मिनिटं येतील. म्हणजे आठशे शब्द, फार तर साडेआठशे. तुमची चौदा पानं फुलस्केप असतील तर त्यात अडीच-तीन हजार शब्द सहज असणार. ती भरभर वाचून बसवायची म्हटलं तरी बसणार नाहीत, आणि बसली तरी कोणाच्या लक्षात राहणार नाहीत. ऐकणारी बाई त्या वेळी बांगडे साफ करत असेल, नाहीतर कोणी एसटीत खिडकीशी बसलेला असेल. त्याला मागचं पान उलटून पाहता येत नाही.

ती पानं फाडू मात्र नका. लिहिता लिहिता तुमचा विचार पक्का झाला आहे, तो उपयोगी पडेल. फक्त ती स्टुडिओत न्यायची नाहीत. स्टुडिओत न्यायचे ते तीन मुद्दे.

हे तीन मुद्दे अनुक्रमणिकेतून काढू नका. रापणीशी संबंध नसलेल्या कोणाला तरी, समजा घाटावरच्या एखाद्या नातेवाइकाला, फोन करा आणि पाच मिनिटं पुस्तकाबद्दल सांगा. तो ‘हो हो’ म्हणत राहील ते सोडून द्या. ‘म्हणजे कसं?’ किंवा ‘खरंच?’ असं जिथे विचारेल, ती जागा लिहून ठेवा. तुम्ही पाठवलेल्या प्रकरणात मला अशा तीन जागा दिसल्या. पहिली, मासळीचे वाटे. कोणाला किती, होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, आणि नुसता येऊन दोराला हात लावणाराही रिकाम्या हाताने घरी जात नाही, हे पुस्तकात फार चांगलं आलं आहे. दुसरी, पाणी वाचण्याची. किनाऱ्यावर उभा राहून पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी पाहून ‘आली मासळी’ म्हणणारा म्हातारा. तिसरी, आता रापणीचे दिवस कमी का झाले ही. पुस्तकातली बाकी माहिती कितीही कष्टाने गोळा केलेली असली तरी या दहा मिनिटांत ती येणार नाही. जाळ्याच्या आसांची मापं, दोर वळण्याची पद्धत, जुन्या रापणसंघांची यादी, हे सगळं वाचकासाठी आहे, श्रोत्यासाठी नाही. हे सोडताना जिवावर येतं, मला माहीत आहे.

आता एक उत्तर प्रत्यक्ष करून पाहू. पहिला प्रश्न हाच येणार: ‘रापण म्हणजे काय?’ तुमच्या पानांवरचं उत्तर असं सुरू होतं: ‘रापण ही कोकण किनारपट्टीवरील पिढ्यानपिढ्या चालत आलेली, सामूहिक श्रमावर व समन्यायी वाटपावर आधारलेली, किनाऱ्यावरूनच जाळे ओढून करावयाची पारंपरिक मासेमारी पद्धत होय.’ छापलेल्या पानावर हे वाक्य ठीक आहे. पण आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ते येईपर्यंत श्रोत्याला सगळी विशेषणं डोक्यात धरून ठेवावी लागतात आणि ‘समन्यायी’पर्यंत पोचताना ‘किनारपट्टी’ सुटलेली असते. म्हणून कानासाठी वाक्य तोडायचं, घडतं त्याच क्रमाने सांगायचं आणि क्रियापद लवकर आणायचं. मी असं सांगेन:

‘जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात ठेवायचा. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात जाते, अर्धा गोल मारते आणि दुसरा दोर घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग एका दोरावर एक टोळी, दुसऱ्यावर दुसरी. दोघीही ओढत ओढत एकमेकींच्या जवळ येतात. मध्ये सापडलेली मासळी वाळूवर येते आणि तिचे वाटे तिथेच, वाळूवरच पडतात. या पुस्तकात मी त्या वाट्यांची गोष्ट सांगितली आहे.’

हे पन्नास-पंचावन्न शब्द आहेत. सावकाश बोललात तरी तीस-पस्तीस सेकंद. ज्याने कधी समुद्र पाहिला नाही त्यालाही चित्र दिसतं. ‘सामूहिक’, ‘पारंपरिक’ हे शब्द कुठेच नाहीत, तरी दोन्ही गोष्टी कळल्या. शेवटचं वाक्य निवेदकाच्या हातात पुढचा प्रश्न देतं: ‘वाटे म्हणजे नेमकं काय?’ आणि तुम्ही तुमच्या पहिल्या मुद्द्यावर आलात.

हे उत्तर पाठ करायचं नाही. पाठ केलं की लेक म्हणते तसा निबंध होतो, आणि मधला एक शब्द विसरला की पुढचं सगळं अडतं. पक्की ठरवायची ती फक्त दोन वाक्यं, पहिलं आणि शेवटचं. मधल्या भागासाठी तीन-चार शब्द पुरे: ‘दोर, अर्धा गोल, दोन टोळ्या, वाटे’. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर एका बाजूला एवढंच लिहा, मोठ्या अक्षरात. तीन मुद्द्यांची तीन कार्डं, आणि अवघड प्रश्नाचं चौथं. पातळ कागद माइकसमोर कुरकुरतो आणि पान उलटल्याचा आवाज हमखास पकडला जातो, म्हणून जाड कार्ड. त्याच कारणाने त्या दिवशी हातात काचेच्या बांगड्या कमी घाला. टेबलावर हात ठेवला की त्या किणकिणतात आणि निवेदक अवघडून सांगत नाहीत.

पहिलं वाक्य ठरवायचं कारण सरळ आहे. ते तयार नसलं की आपण ‘हा फार चांगला प्रश्न विचारलात’ किंवा ‘तसं बघायला गेलं तर’ अशी सुरुवात करून शोधत बसतो आणि दहा सेकंद जातात. शेवटचं वाक्य त्याहून महत्त्वाचं, कारण बहुतेक लेखकांना उत्तर संपवता येत नाही. मुद्दा सांगून होतो, निवेदक काही बोलत नाहीत, ती शांतता सोसवत नाही, आणि मग ‘म्हणजे तसे आणखीही बरेच पैलू आहेत’ असं शेपूट लागतं. शेवटचं वाक्य आलं की आवाज खाली आणा आणि थांबा. पुढची शांतता भरायची जबाबदारी निवेदकांची आहे. त्यांना त्याची सवय असते.

दुसरा नेहमीचा प्रश्न, ‘हे पुस्तक लिहावंसं का वाटलं?’ तुम्ही लिहिलं आहे, ‘लहानपणापासून समुद्राची ओढ होती आणि लोप पावत चाललेल्या परंपरेचं जतन व्हावं असं वाटलं.’ ते खरंच असेल, पण किनाऱ्यावरचा कोणताही लेखक हेच म्हणेल. तुमच्याकडे याहून फार चांगलं उत्तर आहे आणि ते प्रकरणाच्या मधोमध दडलेलं आहे. सासऱ्यांच्या ट्रंकेत सापडलेली हिशेबाची चोपडी. रोजची नोंद, कोणाचे किती वाटे, आणि काही तारखांपुढे ना मासळी, ना वाटे, नुसता एक शब्द: ‘वारा’. त्या दिवशी रापण पडली नाही, गावात कोणालाच काही मिळालं नाही, एवढं सगळं त्या एका शब्दात आहे. हे सांगा. ‘सासऱ्यांच्या ट्रंकेत मला एक चोपडी सापडली’ हे पहिलं वाक्य आणि ‘त्या ‘वारा’ लिहिलेल्या दिवसांत घरं कशी चालायची, हे विचारायला मी निघाले’ हे शेवटचं. परंपरेबद्दल वेगळं काही बोलायची गरज उरणार नाही.

निवेदकांनी तुमचं पुस्तक पूर्ण वाचलेलं असेल असं धरून चालू नका. त्यांच्याकडे त्याच आठवड्यात आंबा बागायतदार, डॉक्टर, कीर्तनकार असे आणखी कितीतरी पाहुणे असतात. ध्वनिमुद्रणाच्या तीन-चार दिवस आधी त्यांना एक पान पाठवा. त्यावर तुमचं नाव आणि पुस्तकाचं नाव, पुस्तक कशाबद्दल आहे हे दोन ओळींत, रापण, तांडेल, वाटा अशा चार-पाच शब्दांचे सोपे अर्थ, आणि तुम्हाला विचारले तर आवडतील असे सहा प्रश्न. प्रश्न टोकदार हवेत. ‘पुस्तकाविषयी सांगा’ या प्रश्नाला अनुक्रमणिकेखेरीज काय उत्तर देणार? त्याऐवजी ‘दोर ओढायला आलेल्या परक्या माणसाला मासळी का द्यायचे?’ असं लिहून द्या. उत्तरं मात्र पाठवू नका. उत्तर आधीच माहीत असलेला निवेदक ऐकत नाही, आणि तो ऐकत नाही हे त्याच्या आवाजात कळतं. पानाच्या शेवटी पुस्तकातला एक उताराही द्या, वाचायला मिनिटभराचा, म्हणजे शंभर-सव्वाशे शब्दांचा. चोपडीचा परिच्छेद मला त्यासाठी योग्य वाटतो. वेळ उरला तर ते तुम्हाला वाचायला सांगतील.

आता पर्ससीन. हा प्रश्न टाळता येणार नाही आणि टाळूही नये. ‘त्यावर मला काही बोलायचं नाही’ म्हणालात तर श्रोत्याला वाटेल, बाई घाबरली किंवा बाईचा काही संबंध आहे. पण हाच प्रश्न तुमच्या पुस्तकाचा विषय गिळूनही टाकू शकतो. म्हणून याचं उत्तर सगळ्यात काळजीने करा. त्यात चार गोष्टी याव्यात: लोकांनी तुम्हाला काय सांगितलं, जाहीर नोंदीत काय आहे, तुम्ही स्वतः काय पाहिलं, आणि कोणता निवाडा तुम्ही देणार नाही.

जाहीर नोंदीतलं बोलताना एकच गोष्ट घ्या आणि ती तपासून घ्या. महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ सालचा आहे आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनचे परवाने, काळ आणि क्षेत्र यांवर बंधनं आली. हे सगळं तुम्हाला ठाऊक असू द्या, पण बोलताना २०१६ एवढंच पुरे. तीन वर्षं आणि तीन कायदे सांगितले तर श्रोता तिथेच सुटला. मासळी इतके टक्के घटली, असा आकडा तर मुळीच नको. तो कुठल्या बंदराचा, कुठल्या जातीच्या मासळीचा, कोणत्या दोन सालांमधला, हे सांगायला तुमच्याकडे वेळ नसेल आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी नेमकं तेच विचारेल.

आणखी एक गोष्ट, आणि हिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. आपण मराठीत सहज असं बोलतो: ‘पर्ससीनने रापण संपवली, असं लोक म्हणतात.’ कोण म्हणतं ते शेवटी येतं. आता पॉडकास्टवाली मुलं या गप्पांतून अर्ध्या मिनिटाचे तुकडे काढून रील करणार. त्यात काही खोटेपणा नसतो, त्यांचं प्रेक्षक आणायचं साधनच ते आहे. पण कात्री स्वल्पविरामावर पडली तर उरतं ते ‘पर्ससीनने रापण संपवली’, तुमच्या आवाजात, तुमच्या चेहऱ्यासकट. पुतण्या ते बोटीवर फोनमध्ये पाहील. म्हणून अशा प्रत्येक वाक्यात ‘लोक मला सांगतात की’, ‘रापणकरांचं म्हणणं आहे की’ हे आधी घ्या आणि दावा नंतर. कार्डावरची पक्की वाक्यं एकेक करून झाका आणि पाहा: पुढचं वाक्य गेलं तर मागच्याचा अर्थ उलटतो का? उलटत असेल तर ते पुन्हा बांधा.

सगळं धरून उत्तर असं होईल:

‘लोक मला सांगतात की पर्ससीन किनाऱ्याजवळ आली आणि रापणीची मासळी कमी झाली. त्यांचं म्हणणं पुस्तकात त्यांच्याच शब्दांत आहे. सरकारनेही २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं घातली. मला स्वतःला आणखीही कारणं दिसली. दोर ओढायला गावात तरुण उरले नाहीत, किनाऱ्यावर रापण ओढायला मोकळी जागा उरली नाही. आणि त्या मोठ्या बोटींवर पोट भरणारी माणसंही आमचीच आहेत. कायदा कसा असावा हे मच्छीमारांनी आणि जाणकारांनी ठरवावं. रापण कशी चालायची हे सांगणारी माणसं अजून आहेत, मी त्यांच्याकडे गेले.’

सत्तरेक शब्द, अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. शेवटचं वाक्य तुम्हाला पुन्हा तुमच्या पुस्तकात आणून सोडतं. निवेदक इथेही थांबले नाहीत आणि ‘म्हणजे तुमच्या मते यांनीच रापण बुडवली?’ असं म्हणाले, तर ते शब्द नाकारण्यासाठीसुद्धा उच्चारू नका. ‘नाही, मी असं म्हणत नाही की यांनी रापण बुडवली’ या वाक्याचा शेवटचा भाग तेवढा ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहतो. सरळ म्हणा, ‘माझ्या पुस्तकात कारणं तीन आहेत,’ आणि त्यातलं माणसं न उरण्याचं कारण थोडं उलगडून सांगा.

‘आमचीच माणसं’ यापुढे घरातलं काही सांगायचं नाही. बोटीचं नाव, मालकाचं नाव, बंदर, काहीच नको. आणि पुतण्याला आधी घरी बोलावून हे उत्तर ऐकवा. परवानगी मागायला नव्हे. त्याला ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, म्हणून. तो त्या कामातला आहे, कदाचित एखादा तपशील दुरुस्तही करेल.

आकाशवाणी सार्वजनिक माध्यम आहे आणि तिची प्रसारण संहिता आहे. राजकीय पक्षाचं नाव घेऊन टीका तिथे चालत नाही, सरकारवरच्या जहाल टीकेलाही जागा नसते. वरच्या उत्तरात असं काही नाही, पण बोलण्याच्या ओघात एखाद्या नेत्याचं नाव आलं तर तेवढा भाग कापला जाईल आणि त्याच्या आगेमागे तुमचं चांगलं वाक्यही जाईल. पुस्तकाची किंमत, दुकानाचं नाव, फोन नंबर सांगता येईल का, हेही कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारून घ्या. आणखी एक विचारा: थेट प्रसारण आहे की ध्वनिमुद्रण? ध्वनिमुद्रण असेल तर चुकलात म्हणून ‘सॉरी सॉरी’ करत मधूनच सुधारू नका. थांबा, दोन-तीन सेकंद गप्प राहा आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा बोला. मधली शांतता संकलकाला दिसते, तो तिथे स्वच्छ कापतो. वाक्याच्या पोटात केलेली दुरुस्ती कापता येत नाही.

माइक डोळ्यांनी पाहत नाही हे बोलताना विसरायला होतं, आणि किनाऱ्यावरची माणसं तर हातांनीच बोलतात. ‘एवढी सुरमई’ म्हणून तुम्ही कोपरावर हात ठेवाल आणि श्रोत्याला काहीच कळणार नाही. ‘बोटांपासून कोपरापर्यंत’ असं तोंडाने म्हणा. ‘तिकडे’, ‘अशी’, ‘या बाजूने’ हे शब्द सरावात पकडा आणि त्या जागी दिशा, माप, रंग घाला.

मालवणीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पानांवर तुम्ही म्हाताऱ्या रापणकरांचं बोलणं सगळं प्रमाण मराठीत करून लिहिलं आहे, म्हणून सांगतो. तसं करू नका. ‘आज वारो असा, रापण नाय’ हे तसंच म्हणा, त्याच चालीत, आणि पुढे जा. चिपळूणच्या माणसालाही कळतं आणि सोलापूरच्यालाही. एखादा शब्द अगदीच अडणारा असेल तर अर्थ एकदाच, पुढच्या वाक्यात ओघाने येऊ द्या. तुम्ही स्वतः मात्र घरी बोलता तसंच बोला. रेडिओसाठी म्हणून वेगळी भाषा काढलीत की चौदा पानं पुन्हा जिवंत होतील.

पॉडकास्टसाठी नवीन मुद्दे शोधू नका. मुद्दे तेच तीन, फक्त प्रत्येकाखाली दोन-दोन प्रसंग ठेवा, कारण तिथे उत्तर दीड-दोन मिनिटांचं चालतं आणि मुलं मध्येच ‘काकी, म्हणजे नेमकं काय झालेलं?’ असं विचारून खोलात नेतात. वाट्यांखाली भांडणाचा एक प्रसंग आणि भांडण मिटल्याचा एक. पाणी वाचण्याखाली अंदाज खरा ठरला तो दिवस आणि हुकला तो दिवस. तासाभराच्या गप्पांत माणूस चाळिसाव्या मिनिटाला सैलावतो आणि नको ते बोलून जातो. त्यामुळे अवघड उत्तराचं चौथं कार्ड तिथेही समोर असू द्या. रेकॉर्डिंगच्या आधी त्यांना स्पष्ट विचारा की रील टाकण्याआधी मला दाखवाल का. बहुतेक जण हो म्हणतात. गप्पा तुमच्या घरी होणार असतील तर पंखा बंद, समुद्राकडची खिडकी बंद, आणि पत्र्याच्या पडवीत तर बसूच नका. पावसाची एक सर आली की सगळं रेकॉर्डिंग गेलं.

सराव लेकीबरोबर करा. तिने प्रश्न उलटसुलट क्रमाने विचारावेत, मध्येच तोडावं, एखादा अगदी बिनसंबंधाचा प्रश्न घालावा. सगळं फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त दोनच गोष्टी पाहा: पहिलं वाक्य लगेच आलं का, आणि शेवटच्या वाक्यानंतर तुम्ही थांबलात का. आवाज कसा येतो, ‘म्हणजे’ किती वेळा म्हटलं, यात अडकू नका. बोलण्यात ‘म्हणजे’ येणारच. उत्तर चाळीस-पंचेचाळीस सेकंदांच्या पुढे जात असेल तर गती वाढवू नका, मधला एक तपशील काढा. आदल्या दिवशी पूर्ण सराव नको, फक्त कार्डं एकदा डोळ्यांखालून घाला, नाहीतर ताजेपणा घरातच संपतो.

माहीत नसलेलं विचारलं तर ‘ते मी पाहिलेलं नाही, पण मी पाहिलं ते असं’ म्हणून आपल्या मुद्द्यावर या. पुस्तकाचं नाव घ्या. लेखक दहा मिनिटं ‘माझं पुस्तक, माझं पुस्तक’ म्हणत राहतो आणि मध्येच रेडिओ लावलेल्याला नाव कळतच नाही. सुरुवातीला, मधल्या एखाद्या उत्तरात आणि शेवटी, असं तीनदा नाव आलं तर ते खुपत नाही.

शेवटचा प्रश्न ठरलेला आहे: ‘जाता जाता श्रोत्यांना काय सांगाल?’ इथे भलेभले उपदेशात घसरतात आणि परंपरा जपण्याचं आवाहन करून निरोप घेतात. तुम्ही श्रोत्यांकडे काहीतरी मागा: ‘तुमच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत रापणीच्या हिशेबाची जुनी चोपडी असेल तर ती रद्दीत घालू नका. मला ती पाहायची आहे, पुढच्या आवृत्तीत तिची नोंद घेईन.’ देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणखी एकदोन तरी चोपड्या निघतील असं मला मनापासून वाटतं. तुमचा फोन नंबर प्रसारणात देता आला नाही तर तो केंद्रावर ठेवून या, आणि चौकशी करणाऱ्याला तो देतील का, हे त्याच वेळी विचारून घ्या.